ढोलकी कुणाच्या फोनात?

आमचा भाचा बालाजी म्हणजे संशयाचं गाठोडं. नांदेडला गाड्यांच्या शोरूमात नोकरीला हाय. दुकानातून साखर आणली तरी पुडी उलटीसुलटी करून बघतो. आई गेल्यापासून तर धाकट्या सुकन्यावर डोळ्यात तेल घालून पहारा.

सुकन्या माझ्याकडं लातुरात राहून डाक्टरकीच्या परीक्षेची तयारी करायली. बालाजीनं गाण्याच्या अॅपवर तिला फॉलो केलेलं. त्याला म्हणं कुणाची परवानगी लागत न्हाई. ती काय ऐकती ते ह्याला नांदेडात दिसायचं. पोरगी वैतागली अन् संध्याकाळी ऐकताना प्रायव्हेट सेशन लावाया लागली, म्हंजे ती काय ऐकती ते कुणालाच दिसायचं न्हाई. झालं! "लपवायली म्हंजे काहीतरी हाय," ह्याचं सुरू.

त्यात ह्याला तिच्या नावावर भरदुपारी लावणी दिसली. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी हे ध्यान माझ्या दारात. "बॅग भर. क्लास बास झाला. चल हदगावला, दादाकडं घरी."

सुकन्या रडकुंडीला आली. मला असा राग आला! "आरं, दुपारी तिचा फोन माझ्या कपाटात असतो. हा बघ, बंद करून ठेवलाय."

"दिसायलंय ना मला!" त्यानं स्वतःचा फोन माझ्या नाकासमोर धरला. खरंच की, सुकन्याच्या नावापुढं लावणी चालू. अन् सुकन्याचा फोन माझ्या हातात मुका.

"पासवर्ड कुणाला दिलास? कोण हाय तो?"

पोरीचा चेहरा एकदम उतरला. तिला काहीतरी आठवलं होतं, पण तोंड उघडंना. बालाजीनं तणतणत बापाला, माझ्या भावाला फोन लावला. स्पीकरवर.

"दादा, सुकीला घरी आणायलोय."

पलीकडं ढोलकी वाजत होती. मग गपकन बंद झाली. इकडं बालाजीच्या फोनवर सुकन्याच्या नावापुढचं गाणंबी थांबलेलं दिसलं.

सुकन्या हळूच म्हणाली, "दिवाळीत मीच दादाच्या फोनमधी माझं खातं उघडून दिलतं. प्रायव्हेट मी माझ्या फोनवर लावलं, त्यांच्या न्हाई. अन् ते बी कायमचं नसतंय, आपोआप निघून जातंय. ऐकलेलं दाखवायचंच बंद करायचं बटण वेगळं हाय. पण ते दाबलं असतं तर तू आणखी संशय घेतला असतास."

वैजनाथ, माझा भाऊ, गळ्यात माळ, गावात मान. बालाजीचं तोंड बघण्यासारखं झालं.

"तुझ्या आईला लई आवडायची ती लावणी," फोनातून आवाज आला. "घर खायला उठतंय रे दुपारचं."

सुकन्यानं माझ्या हातातून फोन घेऊन चालू केला, ते बटण दाबलं अन् भावाला ब्लॉकबी केलं.

"बालाजी," वैजनाथ म्हणाला, "पोरीला कशाला नेतोस? गुन्हेगार हितं हाय. मला न्यायला ये."