सतरा ओळी, एक नंबर

इस्पितळाच्या नोंदणी खोलीत त्याला सगळे फूटपट्टी म्हणत. तोंडावर नाही हो, पाठीमागे. टेबलावर पेनं एका रेषेत, फायलींचे कोपरे जुळलेले, आणि कुणी खुर्ची हलवली की साहेबांचा चेहरा लगेच आंबट! परदेशातली नोकरी सोडून आलेला, पन्नाशीचा, एकटा. सात वर्षांपूर्वी आई याच इस्पितळात वारली तेव्हा तो तिकडे होता, समुद्रापार. "मला कुणी कळवलंच नाही," हे वाक्य तो तेव्हापासून उराशी धरून होता. आणि परत आल्यावर नोकरी मिळाली तीही इथेच. थट्टाच म्हणायची.

त्या दिवशी दुपारी मोठ्या साहेबांनी यादी दिली. पंधरा वर्षांतले रुग्ण आणि त्यांच्या नातेवाइकांचे मोबाइल. उद्यापासून निरोप आपोआप जाणार होते, पण यंत्राला एकच साचा चालत होता: अधिक चिन्ह, देशाचा कोड, एक मोकळी जागा, पाच आकडे, पुन्हा जागा, पाच आकडे.

आणि यादी? अरे देवा! कुणी पुढे शून्य ठोकलेलं, कुणी कोड दिलाय पण अधिक चिन्ह नाही, कुणी दर दोन आकड्यांनंतर आडवी रेघ मारलेली. एकाच चौकटीत दोन-दोन नंबर कोंबलेले. फूटपट्टीला मात्र आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मूळ रकाना त्याने तसाच राखला. शेजारचा नवा रकाना आधी 'मजकूर' प्रकारचा केला, नाहीतर संगणकातलं शीट शहाणपणा करून अधिक चिन्ह गिळतं. रेघा, कंस, मोकळ्या जागा उडवल्या, प्रत्येकाचे शेवटचे दहा आकडे घेतले, पुढे कोड लावला आणि क्रमाने मांडलं.

तेव्हा ते दिसलं. सतरा ओळी, एकाखाली एक, आकडा न् आकडा सारखा. इतकी वर्षं तो नंबर सतरा तऱ्हांनी लिहिला होता म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आडनावं वेगळी, सालं वेगळी. शेवटच्या रकान्यात मात्र सतराही जणांपुढे एकच शब्द: मयत.

त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. बाराव्या ओळीत त्याच्या आईचं नाव होतं.

पंखा फिरत होता तरी पाठ घामाने भिजली. कोण हा माणूस? सतरा माणसं गेली, सतरा जणांचा हा एकटाच कोण लागतो? टेबलावरच्या फोनवरून त्याने नंबर लावला.

घंटी कानात वाजली. आणि भिंतीपलीकडेही वाजली.

"कुठला बेड?" एक बाई म्हणाली. ना हॅलो, ना कोण बोलतंय. तोच आवाज कानात आणि तोच दारातून. त्याने वळून पाहिलं. वॉर्डातली आयामावशी फोन कानाला लावून उंबऱ्यात उभी होती. केस पांढरे, हातात घडी केलेली चादर.

"मावशी, हा नंबर तुमचा?"

"माझाच की. इथून फोन आला म्हणजे कुणाची तरी वेळ झाली, म्हणून निघाले." ती आत आली. "ज्यांना कुणी नाही, किंवा ज्यांच्या माणसाचा फोन लागत नाही, त्यांच्यापुढे मी माझा टाकते. शेवटी कुणीतरी यायला नको?"

"माझ्या आईला मी होतो!" तो जवळजवळ ओरडलाच.

त्याने मूळ रकाना उघडला. आईच्या चौकटीत दोन नंबर होते, मध्ये तिरकी रेघ. दुसरा मावशीचा, म्हणूनच शेवटचे दहा आकडे तिचे निघाले. पहिला त्याचा, परदेशातला, त्यानेच ईमेलने कळवलेला: दहा आकडे, मध्ये दोन आडव्या रेघा. पुढे अधिक चिन्ह नाही, तिथला कोड नाही. इथून लावला की इथल्याच कुणा परक्याच्या घरी वाजणार.

कुणी कळवलं नव्हतं असं नव्हतं. तो शरमेने अर्धा झाला.

"चारदा लावला होता," मावशी हळू म्हणाली. "दरवेळी कुणीतरी दुसराच उचलायचा. शेवटी मी तुमच्या आईंना खोटंच सांगितलं, बोलणं झालं, मुलगा निघालाय म्हणून. पाप लागायचं तर लागू दे."

"मग ती काय म्हणाली?"

मावशीने चादर छातीशी धरली.

"म्हणाल्या, मग दार लोटू नका."