निरोपाच्या यादीतून वगळलेले गाणे

किदिराली शार्शेनोविच अब्द्राइमोव, जन्म १९६१. नारिन नदीच्या वरच्या अंगाला, घाटातल्या रस्ता-देखभाल ठाण्यावर १९८५ पासून २०२४ पर्यंत त्याने बिनतारी यंत्र सांभाळले. हिवाळ्यात बर्फ उपसणारी कोणती गाडी कोणत्या वळणावर आहे आणि कोणी मागे फिरावे, हे सारे त्याच्याच आवाजात सांगितले जाई. आवाज कोरडा, शब्द मोजके, चूक सहसा नाही. ठाण्यावर त्याला मान होता. प्रेम मात्र एसेनगुलच्या वाट्याला गेले होते, आणि ही वाटणी किदिरालीला आयुष्यभर खुपत राहिली.

एसेनगुल हा गाड्यांचा मुकादम. तो उपाहारगृहात शिरला की बाके सरकत. किदिराली शिरला की लोक पाय आवरून बसत. दोघे एकाच उन्हाळ्यात नोकरीला लागले होते, आणि २०२३ च्या शरदात एसेनगुल किदिरालीच्या वर्षभर आधी निवृत्त व्हायला निघाला. निरोपाला घड्याळ द्यायचे नाही, कारण घड्याळे त्याच्याकडे तीन होती. प्रत्येकाने एक गाणे निवडायचे आणि ती सगळी त्याच्या जुन्या जीपमध्ये वाजतील अशी एका पेन ड्राइव्हवर द्यायची, असे ठरले. नीटनेटका माणूस म्हणून ते जमवण्याचे आणि चार शब्द बोलून अर्पण करण्याचे काम किदिरालीकडे आले.

त्याने ते चोख केले. माणशी एकच गाणे, आणि गाण्याबरोबर ते का निवडले याचे एकच वाक्य. दोघांनी एकच गाणे सांगितले तेव्हा त्याने धाकट्याला दुसरे शोधायला लावले. मयताला गातात तसले विलाप नकोत, हे आधीच बजावले. एकाचा आवाज मोठा आणि दुसऱ्याचा लहान लागू नये म्हणून सगळ्यांची पातळी सारखी करून घेतली. जीपचे यंत्र गाणी नावांच्या अक्षरक्रमाने वाजवते, तेव्हा प्रत्येक नावाआधी आकडा घातला. क्रम मात्र त्याने मेजवानीतल्या मांसाच्या तुकड्यांसारखा लावला: आधी वडीलधारे, मग वयाने उतरत खाली. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या, सगळ्यांची एजे म्हणजे थोरली बहीण असलेल्या बुरुलकान एजेने हे पाहून नाक मुरडले.

“अरे, ही गाणी आहेत, मांडीचं हाड नव्हे. पहिली पाच म्हाताऱ्यांची लावलीस, तर घाट चढेपर्यंत त्याला झोप लागेल. संथ एक, मग उडतं एक, असं ठेव.”

“क्रम म्हणजे क्रम, एजे,” किदिराली म्हणाला.

ती वाक्ये वाचता वाचता मात्र त्याचे मन कडू होत गेले. कोणाच्या आजारी मुलीला एसेनगुलने घाटापार पोहोचवले होते, कोणाच्या लग्नात तो पहाटेपर्यंत नाचला होता. आपल्या निरोपाला ही माणसे काय लिहितील? ‘वेळेवर येत असे’? आणि मग उलानचे वाक्य आले. उलान गाडीचालक, काही वर्षांपूर्वी कड्यावरून कोसळलेल्या बर्फाखाली त्याची गाडी गाडली गेली होती. थोरल्या भावाला म्हणतात तसे ‘बाइके’ म्हणत त्याने लिहिले होते: ‘मी गाडला गेलो तेव्हा एसेनगुल बाइकेंनी यंत्रावरून हे गाणं म्हणत मला जागं ठेवलं.’

किदिरालीने वाक्य पुन्हा वाचले. गाणे त्याने म्हटले होते. एसेनगुल तेव्हा कुदळ घेऊन बर्फावर होता. यंत्राशी किदिराली एकटा होता. थंडीत झोपलेला माणूस उठत नाही, हे ठाऊक असल्यामुळे बोलायचे शब्द संपल्यावर तो गाऊ लागला होता, एकच गाणे, घसा बसेपर्यंत. खरखरीतून उलानने आवाज ऐकला तो किदिरालीचा. बर्फ बाजूला झाल्यावर चेहरा पाहिला तो एसेनगुलचा. कोरड्या आवाजाचा किदिराली गाऊ शकतो, हे कोणाच्या मनातही आले नाही, आणि ‘तो मी होतो’ असे स्वतःच्या तोंडाने सांगणे त्याला कमीपणाचे वाटले.

त्याने ते गाणे यादीत घेतलेच नाही. पुढचे आकडे एकेक वर सरकवले.

समारंभ उपाहारगृहात झाला. सर्वांत वडीलधाऱ्याने हात उघडून आशीर्वाद दिला, विभागप्रमुख बोलले, आणि मांस येण्याआधी किदिराली उठला. भाषण त्याने नीट बेतले होते: सगळी यादी वाचायची नाही, नाहीतर लोक पुढ्यातले बोरसोक, तळलेल्या पिठाचे तुकडे, चघळू लागतात, चार-पाच गाण्यांची कारणे सांगायची, दोन तुकडे वाजवायचे, बाकीच्यांची नावे एका दमात घ्यायची आणि वस्तू दोन्ही हातांनी द्यायची.

“एसेनगुल,” तो म्हणाला, “तुझ्या जीपमध्ये बसून तुझ्याशी बोलायला आता आम्ही कोणी असणार नाही. म्हणून प्रत्येकाने आपल्या जागी एक गाणं बसवलंय.”

खोली हलली. त्याच्याकडून असे वाक्य कोणी अपेक्षिले नव्हते. मुलीच्या आजाराची हकिकत त्याने सांगितली, नाचाचे गाणे वाजवले. लोक हसले, बुरुलकान एजेने डोळे पुसले. शेवटी त्याने नावे घेतली, आणि उलानचे नाव घेतले नाही.

जेवणात एखाद्याच्या ताटात हाड पडले नाही तर सबंध पंगतीला ते दिसते. तसेच झाले. उलान मान खाली घालून बसला. बुरुलकान एजेने विचारले, “आणि आमच्या उलानचं कुठंय? हा काय दारात उभा राहिलेला पाहुणा आहे?”

किदिराली म्हणाला की ध्वनी खराब होता. उलान हळूच म्हणाला, “बाइके, मी चांगलं ऐकून दिलं होतं. हे ज्यांनी म्हटलं त्यांच्यामुळं मी इथं बसलोय. एसेनगुल बाइकेंना तेच द्यायचं होतं.”

“त्याला कसं देशील?” किदिरालीच्या तोंडून निघून गेले. “ते मी म्हटलं होतं.”

दुसऱ्याच्या निरोपात आपले माप मागणारा माणूस सर्वांनी पाहिला, आणि ते त्यालाही दिसले. उलान एकाकडून दुसऱ्याकडे बघत राहिला.

एसेनगुलने पेला खाली ठेवला. “खरं बोलतोय तो. माझ्या हातात कुदळ होती, यंत्र नव्हतं. आणि मी गायलो तर मेंढ्या पांगतात, तुम्हाला माहीतच आहे.” मग तो उलानकडे वळला. “तू दर हिवाळ्यात येऊन आभार मानायचास. पहिल्या वेळी कशाबद्दल ते मला कळलंच नाही. पुढं कळलं, पण गोड लागलं म्हणून गप्प राहिलो. चूक माझी.”

उलान उठून किदिरालीजवळ आला. “बाइके, मग वाजवा ना ते आता.”

वाजवायला ते तिथे नव्हतेच. किदिरालीला तसे सांगावे लागले, आणि ध्वनीची सबब खोटी होती हेही. कोणी म्हटले, तूच म्हणून दाखव. त्याने मान हलवली. मांस आले, आणि एसेनगुलने आपल्या ताटातला मानाचा तुकडा कापून अर्धा त्याच्यापुढे सरकवला.

त्यानंतर ठाण्यावर ही गोष्ट पुष्कळदा सांगितली गेली, पण तिचा रोख असा: एसेनगुल किती मोठ्या मनाचा, की आपल्याच निरोपात, सर्वांसमोर, त्याने खरे सांगून टाकले. किदिरालीने हे बिनतारी यंत्राशेजारी बसून भिंतीपलीकडून ऐकले आणि त्याचे ओठ पूर्वीपेक्षा घट्ट मिटले.

पुढच्या वर्षी तो स्वतः निवृत्त झाला तेव्हा गाणी जमवण्याचे काम उलानने केले आणि बर्फाखाली ऐकलेले ते गाणे पहिल्या क्रमांकावर घातले. एसेनगुलच्या पेन ड्राइव्हवर ते चढवून देण्याचे किदिरालीने एसेनगुलच्या निरोपाच्या संध्याकाळीच कबूल केले होते. ते अजून दिलेले नाही.