ताऱ्याच्या अटी

वैजयंती माढ्याची. सोलापुरातल्या आमच्या टॉवेलच्या कारखान्यात ती पॅकिंगला लागली आणि कॉम्प्युटर येतो म्हणून ऑफिसात आली. मी तिथंच स्टोअर सांभाळतो, त्यामुळे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं. मालक गुरुशांत अण्णांनी तिला एकच काम दिलं होतं. मधल्या दलालाला वगळून हॉटेलांच्या खरेदी अधिकाऱ्यांना थेट मेल पाठवायचे. जानेवारीत भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेपर्यंत कुणाचं उत्तर आलं नाही, तर हे काम पुण्याच्या एजन्सीकडे जाणार आणि वैजयंती परत पॅकिंगला. ती खुर्ची तिला किती हवी होती, ते मला माहीत होतं. रोज सकाळी ती खुर्ची स्वतःच्या ओढणीनं पुसायची.

मेलचा मजकूर मात्र अण्णांचा. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून तिला धाडलेला. आधी तीन नमस्काराचे हात, मग फटाका, मग ओळीनं 'बरोबर'च्या हिरव्या खुणा, एकेका खुणेपुढं एकेक गुण. "अनोळखी माणसाकडं जायचं आणि हात बी जोडायचे न्हाईत?" हे अण्णांचं म्हणणं. वैजयंतीनं तो जसाच्या तसा मेलमध्ये चिकटवला आणि पाठवला. आठवडे गेले, पण कुत्रं विचारेना.

आणि एका दुपारी ती खुर्चीतून उठलीच. "अण्णा, उत्तर आलं."

अण्णा चहा सोडून धावले, मी स्टोअर उघडं टाकून धावलो. कोल्हापूरच्या एका हॉटेलच्या खरेदी अधिकारी, अंकिता मॅडम, यांनी एकच ओळ लिहिली होती: तुमच्या '५५० जीएसएम'ला तारा लावलाय, त्याच्या अटी कुठं दिल्या आहेत?

जीएसएम म्हणजे टॉवेलचा जाडजूडपणा, त्यात कसली अट? अण्णा चक्रावले. वैजयंतीनं कपाळावर हात मारला. व्हॉट्सअ‍ॅपवर शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारे दिले की अक्षर ठळक होतं. मेलमध्ये तारा ताराच राहिला होता. आणि छापील जाहिरातीत तारा दिसला की शहाणा माणूस खाली बारीक अक्षरात अटी शोधतो. आमच्या सरळ मालाला आम्हीच संशय चिकटवला होता.

"मग मेलमधलं खरं ठळक कर. लाल बी कर," अण्णा म्हणाले.

"अण्णा, तुमी नव्या गिऱ्हाइकाकडं जाता तवा सगळा गठ्ठा सोडता का?"

"येडी हाय का? एकच टॉवेल मांडीवर ठिवतो. हात लावून बघू दे की त्याला."

"मग मेलमधी गठ्ठा का सोडायचा? फटाके बघून त्यांना वाटतं, हजार जणांना एकच धाडलाय. मी माज्याच दुसऱ्या पत्त्यावर धाडून बघितला, तर थेट जाहिरातीच्या कप्प्यात गेला."

अण्णा हटेनात, तीही हटेना. शेवटी उरलेले पत्ते निम्मे निम्मे वाटले. अण्णांच्या मेलमध्ये ठळक अक्षरं, खुणा, हात, सगळं. वैजयंतीच्या मेलमध्ये साधी चार वाक्यं: तुमच्या हॉटेलाच्या नव्या खोल्यांची बातमी वाचली, आम्ही सोलापुरात असा असा टॉवेल विणतो, एक नमुना पाठवू का, आणि खाली नाव, फोन.

मला राहवेना. दर तासाला कुठलं तरी निमित्त काढून मी ऑफिसात डोकवायचो. अण्णांना पहिलं उत्तर आलं तेव्हा त्यांनी मिशीला पीळ दिला. वाचलं तर तो पाणी शुद्ध करायची मशिनं विकणारा निघाला. वैजयंतीला दुसऱ्या दिवशी एक आलं, मग आणखी एक, मग अंकिता मॅडमचंही आलं. वैजयंतीनं ताऱ्याची चूक सरळ कबूल करून त्यांना कळवलं होतं. 'नमुना पाठवा. मापं आणि वजनं कळवा.' मला नाचावंसं वाटत होतं.

वैजयंतीनं उत्साहात मापं, वजनं, रंग एका लांबलचक परिच्छेदात कोंबले. अण्णांनी वाचून चष्मा काढला. "आता तेनी इचारलंय न्हवं? आता टॉवेल एकाखाली एक मांड. ह्यात अंघोळीचा कुटला आन् तोंड पुसायचा कुटला, कळंना मला."

"व्हय अण्णा, हितं मुद्देच पायजेत," ती म्हणाली आणि एकेक माप वेगळ्या ओळीवर घेतलं. ठळक मात्र काही केलं नाही, आणि अण्णांनीही आग्रह धरला नाही.

गड्डा भरायच्या आदल्या दिवशी अंकिता मॅडमचा मेल आला. नमुना धुऊन पाहिला, पसंत आहे, पहिली ऑर्डर जोडली आहे. त्याखाली जोडलेले दोन हात.

अण्णांनी ते हात मला बोलावून दाखवले. "बघ, बाईंनी सोता धाडलाय नमस्कार. आन् ही पोरगी मला धाडू देत न्हवती."

"आता धाडा की अण्णा," वैजयंती म्हणाली आणि उठून त्यांना स्वतःची खुर्ची दिली. "आता वळख झाली."

अण्णांनी खुर्चीत बसून एका बोटानं दोन हात टाइप केले, पाठवले आणि लगेच उठले. "बस बाई, तुजी जागा हाय ती."