पुरावा म्हणून केलेलं रेकॉर्डिंग

नाशिक रोडच्या एका सायबर कॅफेत काउंटर स्ट्राइक या गोळीबाराच्या कॉम्प्युटर गेमची आमची पाच जणांची टीम होती आणि कॅप्टन मी. हरलो की बाकीच्या चौघांवर खेकसायचो. त्यांच्या चुका पुराव्यानिशी दाखवायच्या, म्हणून एकदा मी माझ्या पीसीवर मॅच रेकॉर्ड केली. त्यात आपल्याला जे दिसलं तेच पुन्हा दिसतं. आपण मेलो की राउंड संपेपर्यंत पुढे उरलेल्यांचा खेळ.

सगळे मिळून बघायला बसलो, तर प्रत्येक राउंडला सगळ्यात आधी पळत जाऊन मरणारा मीच. पुढचं सगळं रेकॉर्डिंग त्या चौघांचं. चौघंही मान पुढे काढून शेवटपर्यंत बघत राहिले, त्याचाच जास्त राग आला.

पुढच्या रविवारी कॉलेज रोडची टीम प्रॅक्टिसला आली. स्कोअर मोजायचा नाही, एकाच मॅपवर, म्हणजे गेममधल्या एकाच ठिकाणी, आम्ही फक्त बचाव करायचा, असं ठरलं. माझ्या पीसीवर रेकॉर्डिंग या वेळीही चालू होतं. माझं काम एवढंच, की खोक्यांमागे थांबून एक वाट राखायची. हात नुसते शिवशिवत होते. तीन राउंड तिकडे कोणी फिरकलं नाही. चौथ्याला मी जागा सोडली, आणि ते नेमके तिथूनच आत शिरले.

मी चौघांवर खेकसायला तोंड उघडणार, तेवढ्यात आमच्यातला सगळ्यात गप्प गडी म्हणाला, "आधी रेकॉर्डिंग लाव."