बाहेरचा माल

युरोपात आंबा पाठवायचा तर ‘गॅप’चं सर्टिफिकेट हवं, म्हणजे शेती चांगल्या पद्धतीने केल्याचा दाखला. हे बाबांना कळल्यापासून मिठबावच्या आमच्या घरात माणसांपेक्षा आंब्याचे लाड जास्त झाले. आंब्याला फरशीचं पॅकहाऊस, खिडक्यांना जाळ्या, दाराशी नळ आणि साबण. आम्ही मात्र अंगणातल्या दगडावरच हातपाय धूत होतो.

आत काच चालत नाही. दिव्यांवर प्लॅस्टिकची कवचं चढली, इथवर ठीक. पण आंबे निवडणाऱ्या बायांना काचेच्या बांगड्या उतरवायला सांगितल्यावर त्या दारातच बसल्या. “आमचे घोव जिते आसत!” शेवटी मनगटाला हळद लावून त्यांनी तोड काढली. बाबांनी ती हळदही साबणाने धुवायला लावली. गोऱ्या साहेबाच्या पोटाची इतकी काळजी त्याच्या आईनेही केली नसेल.

तपासनीस आले. सगळं पाहिलं, मान डोलावली, आणि कोपऱ्यातल्या चिठ्ठी नसलेल्या क्रेटपाशी थांबले.

“हे कुठल्या बागेतले?”

“आमचेच,” बाबा म्हणाले.

“आमचे म्हणजे?”

“माझ्या भैणीचे. ते आमचे न्हय तर कोणाचे?”

तपासनिसांनी कपाळाला हात लावला. सर्टिफिकेट फक्त नोंदवलेल्या बागेतल्या आंब्याला. उद्या पेटीत औषधाचा अंश सापडला तर ती पेटी कुठल्या बागेची, हे मागे शोधता यायला हवं. आते क्रेट घेऊन आली होती, तिथेच होती. त्यांनी तिलाच विचारलं, फवारणी कधी, कशाची?

“मी खंय फवारतंय? शेजाऱ्यान फवारलेला वाऱ्यान इला तेवढाच.”

मला हसू आवरेना. बाबांचा चेहरा मात्र उतरला. वर्षभराचा खटाटोप एका वाऱ्याने उडाला होता. दाखला अडला. नोंद नसलेला माल वेगळा ठेवा, तशी पाटी लावा, मुदतीत पुरावा पाठवा, असं सांगून साहेब गेले.

बाबांनी पाटी रंगवून घेतली. ‘नोंद नसलेला’ लांबलचक होतं, म्हणून कोपऱ्यावर सुटसुटीत दोन शब्द आले: ‘बाहेरचा माल’. त्याखाली आतेचे क्रेट मांडून फोटो काढला आणि पाठवून दिला. बाबांना त्यात काही वावगं दिसलं नाही, याचा मला अजून राग येतो.

दुसऱ्या खेपेला आते आली. तिने पाटी वाचली. आपले सगळे क्रेट टेम्पोत परत चढवले.

सर्टिफिकेट आलं, पेढे वाटले. गणपतीच्या चवथीला आते आली नाही, तेव्हा बाबा स्वतः बोलवायला गेले, मी बरोबर होतो. तिने आम्हांला पाणी दिलं, बसायला पाट दिला, आणि शांतपणे विचारलं,

“बाहेरच्या माणसाक आरतीक कित्याक बोलवतंस रे?”