मामाने बसवलेली सोळाची पट्टी

संगणक दुरुस्त करणाऱ्या त्या गृहस्थांना सगळा बाजार झाकणमामा म्हणायचा. कुठल्याही यंत्राचं झाकण त्यांना बंद बघवत नसे. "नशीब, मला स्क्रू नाहीत," असं त्यांची बायको चारचौघांत सांगायची.

भाचीच्या संगणकात मेमरीच्या चार-चार जीबीच्या दोन पट्ट्या होत्या आणि तिचा गेम छान पळत होता. पण मामांना मायेचा उमाळा आला. दोन्ही पट्ट्या काढून त्यांनी सोळाची एकच बसवली. "दुप्पट केली," म्हणून बहिणीकडून दोन वेळा चहा उकळला, आणि जुन्या पट्ट्या दातांच्या डॉक्टरांच्या काउंटरवरच्या संगणकात बसवून टाकल्या.

रविवारी चारला भाचीची त्याच गेमच्या संघासाठी घरबसल्या निवडचाचणी होती. दोन वाजता तिने सराव सुरू केला आणि पडद्यावरचा गडी अडखळत चालू लागला. सेकंदाला साठ चित्रं यायची, तिथे पंचवीस येत होती.

"मामा, तू नक्की वाढवलंस ना?"

मामांनी पंखा पुसला, ड्रायव्हर पुन्हा टाकला, व्हायरसला शिव्या घातल्या. मग मेमरीचा तपशील उघडला आणि घोळ त्यांच्या लक्षात आला. या संगणकात वेगळं ग्राफिक्स कार्ड नव्हतं. चित्रं काढणारा भाग प्रोसेसरच्याच पोटात, आणि त्याला स्वतःची मेमरी नाही. प्रत्येक चित्राचा माल तो या पट्ट्यांतूनच ओढतो, तोही प्रोसेसरशी वाटून घेत. दोन पट्ट्या म्हणजे दोन वाटा. मामांनी गोदाम दुप्पट केलं होतं आणि एक वाट बुजवली होती. वर नवी पट्टी जुन्यांपेक्षा धीमी.

"म्हणजे कमी होतं तेच बरं होतं?" बहिणीने विचारलं.

"कमी नव्हतं गं. दोन होत्या."

मामांच्या खणात पट्ट्या ढीगभर, पण सगळ्या मागच्या पिढीच्या. त्यांची खाच दुसरीकडे, त्या खोबणीत बसेचनात. दुकानं बंद. डॉक्टरांना फोन केला, तर ते गावाला. "दवाखाना उद्या दहाला उघडेल," ते म्हणाले, "कुठला दात?"

शेवटी मामांनी चित्राचा बारीकपणा उतरवला. पंचवीसची पस्तीस झाली, पण लांबचा शत्रू आणि खांब यांतला फरक कळेना.

चार वाजता भाची बसली. मामा मागे उभे राहिले, नजर पडद्याच्या कोपऱ्यातल्या चित्रांच्या आकड्याकडे. एकतीस. अठ्ठावीस. गर्दी झाली की बावीस. तिने वेळेवर बटण दाबलं तरी पडदा उशिरा हलायचा, आणि तोवर ती मेलेली असायची.

वीस मिनिटांत संपलं. कानातून हेडफोन काढत ती म्हणाली, "पुढची चाचणी सहा महिन्यांनी आहे म्हणे."

मामांचा हात सवयीने स्क्रूड्रायव्हरकडे गेला. बहिणीने तो आधीच उचलून ठेवला होता.

"दादा, आता फक्त झाकण लाव."

मामांनी झाकण लावलं. चारपैकी एक स्क्रू काही केल्या सापडला नाही.