मंजूर भार

आमच्या श्रीरामपूरच्या सोसायटीची लिफ्ट बंद पडलेली नव्हती, बंद ठेवलेली होती. तिला रीतसर कुलूप होतं आणि किल्ली चेअरमनांच्या देव्हाऱ्यात होती. लिफ्ट, पाण्याची मोटार आणि जिन्यातले दिवे मिळून सामायिक मीटरचं बिल इतकं यायचं, की तळमजल्याच्या लोकांनी सभेत जाहीर केलं, आम्ही चढत नाही, आम्ही भरणार नाही. तेव्हापासून लिफ्ट फक्त कुणाला दवाखान्यात न्यायचं असेल तरच उघडायची.

याची सगळ्यात मोठी किंमत मोजत होत्या चौथ्या मजल्यावरच्या बाई. त्या शाळेत मला मराठी शिकवायच्या, म्हणून मी अजूनही त्यांच्यासमोर मान जरा खाली घालूनच बोलते. गुडघ्यांनी त्यांना दगा दिला होता. चार जिने उतरणं अशक्य, आणि उतरलंच तर परत चढवणार कोण? रविवारचं चर्च त्या मोबाईलवर ऐकायच्या. एकच जिना वर, गच्चीवर मात्र दोनदा बसत, कठडा धरत रोज जायच्या. तिथे त्यांच्या कुंड्या होत्या, मोगरा, शेवंती, ड्रममध्ये लावलेला चाफा. तेवढंच त्यांचं बाहेर जाणं होतं.

मी सोसायटीची सेक्रेटरी. ही जबाबदारी मला मिळाली कारण सेक्रेटरी निवडायच्या सभेला मी गेले नव्हते. गच्चीवर सोलर बसवावं, म्हणजे बिल उतरेल आणि लिफ्ट दिवसभर चालू ठेवता येईल, ही कल्पना माझी. चेअरमन साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, मूळचे देवळाली प्रवराचे, आणि सोलर बसवणारी एजन्सी या जातीवर त्यांचा मुळीच विश्वास नव्हता.

"आदी वीज बोर्डाची मंजुरी घिऊ ताई, मग एजन्सी. न्हाईतर ते लोक लई घोळ घालत्यात," ते म्हणाले. घोळ आम्ही स्वतःच घालणार होतो, त्याला बाहेरच्या माणसांची गरज नव्हती.

तर आम्हीच वीज मंडळाच्या पोर्टलवर अर्ज भरला. सामायिक मीटरचा ग्राहक क्रमांक, सभेचा ठराव, किती किलोवॅट हवं ते. सभेत मी नेट मीटर समजावून सांगितला, की हा मीटर दोन्हीकडून मोजतो, आपण बोर्डाकडून घेतलेली वीजही आणि आपल्या गच्चीवरून बोर्डाला गेलेलीही, आणि बिलात वजाबाकी होते. पहिल्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "नेटचं रिचार्ज कोण करणार?" मी पाणी प्यायले.

थोड्या दिवसांनी अर्ज परत आला. शेरा होता, "मंजूर भार कमी. भार वाढवून घेऊन पुन्हा अर्ज करावा."

चेअरमन आणि मी हा शेरा घेऊन थेट बाईंकडे गेलो, कारण सरकारी मराठी समजून घ्यायची तर आमच्याकडे त्याच होत्या. त्यांनी चष्मा लावला, दोनदा वाचलं.

"सोपं मराठी आहे. भार म्हणजे वजन. आपल्या गच्चीला जेवढं वजन पेलण्याची परवानगी आहे, ते कमी पडतंय."

"म्हंजी स्लॅब कच्चा हाय?" चेअरमन खुर्चीतून अर्धे उठले.

"कच्चा असेलच असं नाही. पण वर आधीच बराच भार आहे." आणि मग चष्मा काढून त्या म्हणाल्या, "माझ्या कुंड्या खाली न्या."

मी म्हटलं, बाई, राहू द्या. तर त्यांनी माझ्याकडे शाळेतल्यासारखं बघितलं. "लिफ्ट हवी की चाफा, एवढं मला कळतं."

दुसऱ्या दिवशी मजूर लावून कुंड्या इमारतीच्या मागे नेल्या. बाईंचं गच्चीवर जाणं त्या दिवसापासून थांबलं. वर जाऊन बघायचं काय? मला फार वाईट वाटलं, पण मंजुरी मिळेपर्यंतचाच प्रश्न आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली. चेअरमन एवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी ओळखीतला एक बांधकाम इंजिनिअर आणला. त्याने गच्चीवर ठिकठिकाणी हातोडी वाजवली, खालच्या बीमकडे पाहिलं, चहा घेतला आणि लेखी दिलं की या स्लॅबवर सोलरचं वजन खुशाल चढवा.

तो दाखला घेऊन आम्ही बोर्डाच्या ऑफिसात गेलो. चेअरमनांनी तो असा पुढे ठेवला, जणू मुलाची मार्कशीट. सहाय्यक अभियंता तरुण होते. त्यांनी दाखला वाचला, शेरा वाचला, पुन्हा दाखला वाचला.

"हे कशासाठी, मॅडम?"

"भार वाढवून आणलाय," मी म्हटलं.

त्यांनी तोंडावर हात ठेवला. मग धीर करून म्हणाले, "मॅडम, भार म्हणजे लोड. किलोवॅटमधला. तुमच्या सामायिक मीटरला जेवढा लोड मंजूर आहे, त्याच्याहून मोठं सोलर बसवता येत नाही. बिल्डरनं कनेक्शन घेतलं तेव्हा मोटार आणि दिवेच दाखवलेत. लिफ्ट नंतर लावली, लोड तोच राहिला. लोडवाढीचा अर्ज करा, लायसनवाल्या इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरचा टेस्ट रिपोर्ट जोडा, कोटेशनचे पैसे भरा. मग सोलरचा अर्ज पुन्हा टाका."

"म्हंजी वजनाचं कायबी न्हाई?" चेअरमनांनी विचारलं.

"गच्चीवर हत्ती बांधलात तरी आमच्या खात्याला चालेल."

परतताना चेअरमनांनी गाडीत दाखल्याची घडी घालून खिशात ठेवली. बाईंना सांगायचं कुणी, हा प्रश्न होता, आणि अर्थात मीच. बाईंनी सगळं ऐकलं. मला वाटलं, आता रागावतील. त्या हसायलाच लागल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "जन्मभर पोरांना संदर्भासह स्पष्टीकरण लिहायला लावलं. आणि मीच संदर्भ सोडला!"

पुढचं काम सरळ होतं, फक्त हळू होतं. कुंड्या खालीच राहिल्या, कारण गच्चीवर आता पॅनल बसायची होती. लोड वाढला. मंजुरी आली. मग एजन्सी नेमली, पॅनल बसली, बोर्डाशी करार झाला, तपासणी झाली. पॅनल बसून चकाकत होती, पण नेट मीटर लागेपर्यंत चालू करायची नाहीत असा नियम, त्यामुळे चेअरमन रोज वर जाऊन फुकट जाणाऱ्या उन्हाकडे हळहळत बघायचे. अखेर बोर्डाकडून तपासून आलेला नेट मीटर बसला. चेअरमनांनी देव्हाऱ्यातून किल्ली काढली आणि लिफ्टला आधी हळदकुंकू लावलं.

रविवार होता. बाईंनी इस्त्रीची पांढरी साडी नेसली होती. त्या लिफ्टमधून काठी टेकत एकट्या बाहेर आल्या. मी फाटकापाशी रिक्षा थांबवून उभी होते, त्यांना चर्चला सोडायला. आमचा वॉचमन त्या वर्षातच लागलेला, पण कामात चोख. तो लगबगीने आडवा आला, वही काढली आणि फार अदबीनं म्हणाला, "आजी, कुनाकडं आल्या हुतात?"

मला हसू येईना. बाई मात्र जराही गडबडल्या नाहीत.

"कुणाकडे नाही रे," त्या म्हणाल्या. "मी इथेच असते."